उन्हाळ्यातले आठ आठवडे मागणारे पत्र

उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळेत काम करू द्या, अशी विनंती करणारे पदवीच्या विद्यार्थ्यांचे मेल रेणवीय जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना दरवर्षी येतात. ‘आपल्या संशोधनात मला खूप रस आहे’ असे त्यात असते, पण कोणत्या संशोधनात, ते नसते. अशा मेलला बहुधा उत्तर येत नाही. नव्या विद्यार्थ्याला शिकवायला पीएचडी करणाऱ्या कुणाला तरी रोजचा वेळ द्यावा लागतो. तो वेळ कशासाठी द्यायचा, हे पत्रातून कळायला हवे.

समजा, कोल्हापूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी पुण्यातल्या यीस्टवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेला लिहिते आहे. एक जनुक काढून टाकले की यीस्ट ३७ अंशांवर नीट वाढत नाही, हे तिने त्यांच्या शोधनिबंधात वाचले. पेशी अगदी मरत मात्र नाहीत. मग त्याच्यासारखेच असलेले दुसरे जनुक त्यांना तगवून धरते का? दोन्ही जनुके काढून पाहता येतील का? पत्रात एवढेच विचारले तरी पुरे.

हा प्रश्न आठ आठवड्यांत मावतो, म्हणून मला तो आवडतो. यीस्टची पेशी साधारण दीड तासात दुप्पट होते, प्लेटवर दोन-तीन दिवसांत वसाहती दिसतात. जनुकाच्या जागी बसवायचा डीएनएचा तुकडा पीसीआरने तयार करतात. त्याच्या दोन्ही टोकांना यीस्टच्या डीएनएशी जुळणारी चाळीस-पन्नास अक्षरे असली की पेशी स्वतःच अदलाबदल करते. पहिला प्रयत्न फसला, तरी पुन्हा करायला वेळ उरतो. हाच प्रश्न अ‍ॅराबिडोप्सिस या रोपावर विचारला असता, तर बी पेरून नवे बी हाती येईपर्यंतच सुट्टी संपली असती.

आता हातच्या कामाबद्दल. ‘मला पीसीआर येतो’ हे वाक्य काहीच सांगत नाही. त्यापेक्षा तिने असे लिहावे: ‘प्रॅक्टिकलमध्ये जिवाणूच्या १६एस जनुकाचा तुकडा वाढवला. जेलवर सुमारे १५०० बेसचा पट्टा आला, पण डीएनए न घातलेल्या नळीतही तोच पट्टा दिसला. म्हणून नवे पाणी आणि नवे प्रायमर घेऊन प्रयोग पुन्हा केला.’ दूषित झालेला प्रयोग तिने ओळखला, दडवला नाही आणि कारण कुठे शोधायचे ते तिला ठाऊक आहे, हे प्राध्यापकाला या ओळींतून समजते. गुणपत्रिकेत ते दिसत नाही.

उरलेले दोन ओळींत आटोपते: परीक्षा कधी संपते, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येता येईल, राहण्याची सोय आहे का, आणि विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपसाठी अर्ज केला आहे का. त्या अर्जांची मुदत उन्हाळ्याच्या कितीतरी आधी संपते, त्यामुळे एप्रिलमध्ये पत्र लिहायला बसणाऱ्याला हा खर्च घरूनच करावा लागतो.