सत्तरच्या अलीकडे

नागपूरच्या उत्तरेला कोराडीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. मे महिन्यात घरोघरी कूलर सुरू झाले की जनित्रांवरचा भार वाढतो आणि टर्बाइनचा वेग किंचित घसरतो. गव्हर्नर ते टिपतो आणि वाफेची झडप उघडतो. वेगातल्या घसरणीला तो किती जोराने उत्तर देतो, ते ठरवणारा आकडा म्हणजे गेन, K. K फार वाढवला तर वेग वरखाली हेलकावू लागतो आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. मग K कुठवर चालेल?

सोपं उदाहरण घेऊ. आकडे कोराडीचे नाहीत, पण वाफेच्या टर्बाइनला शोभणारे आहेत. एकच संच एकट्याने भार वाहतो आहे. गव्हर्नरचा कालांक ०.२ सेकंद, टर्बाइनचा ०.५, फिरत्या वस्तुमानाच्या जडत्वाचा १०. या तिन्हींतून तयार होणारी बहुपदी अशी:

```
s³ + 7s² + 10s + K
```

हिच्या एखाद्या मुळाचा वास्तव भाग धन निघाला तर हेलकावे वाढत जातात. पण K माहीतच नाही, तर मुळं काढायची कशी? इथे एडवर्ड राउथ यांची १८७७ सालची युक्ती कामी येते. मुळं काढायचीच नाहीत, फक्त सहगुणक मांडायचे:

```
s³ |    1       10
s² |    7       K
s¹ | (70−K)/7
s⁰ |    K
```

वरच्या दोन ओळी म्हणजे एकाआड एक घेतलेले सहगुणक. तिसरी ओळ तिरक्या गुणाकारांतून येते: ७ गुणिले १०, वजा १ गुणिले K, भागिले ७. आता फक्त पहिला स्तंभ वाचा. त्यातले सगळे आकडे धन असतील तरच यंत्रणा स्थिर. म्हणजे K शून्याहून मोठा आणि ७० हून लहान हवा. संपूर्ण पल्ला हाती आला, आणि एकही मूळ काढावं लागलं नाही!

K = ८४ घेऊन पाहा. बहुपदीतले सगळे सहगुणक धनच आहेत, नुसत्या नजरेला काहीच खटकत नाही. स्तंभ मात्र १, ७, −२, ८४ असा येतो. चिन्ह दोनदा बदललं, म्हणजे बिघडलेली मुळं नेमकी दोन. सारणी ती मोजूनसुद्धा देते, याचं मला आजही नवल वाटतं.

बरोबर ७० वर तिसरी ओळ शून्य होते. तेव्हा तिच्या वरची ओळ समीकरण म्हणून वाचायची: 7s² + 70 = 0, म्हणजे s² = −10. वेग सेकंदाला √१०, सुमारे ३.१६ रेडियनने डोलत राहील, जवळजवळ दर दोन सेकंदांना एक हेलकावा. न वाढणारा, न विझणारा.

मात्र K = ६९ लाही ही सारणी ‘स्थिर’च म्हणेल, जरी हेलकावे विझायला फार वेळ लागला तरी. गव्हर्नर प्रत्यक्षात बहुधा ५ टक्के ड्रूपवर लावतात, म्हणजे K = २०. सत्तरपासून पुष्कळ अलीकडे.