मागील पानावरून संगणकावर : साठ्याच्या वहीतील शिल्लक नव्या तक्त्यात नेताना

न्यू जर्सीतील एडिसन असो वा शिकागोचा डेव्हॉन ॲव्हेन्यू, अमेरिकेतील भारतीय किराणा दुकानांत मालाच्या साठ्याची हस्तलिखित वही अजूनही आढळते. एका पानावर एक जिन्नस, डावीकडे आवक, मध्ये जावक आणि उजवीकडे शिल्लक, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. दुकानाची सूत्रे पुढच्या पिढीकडे आली की वहीची जागा एक्सेलचा तक्ता घेतो. या स्थित्यंतरात आकडे उतरवून घेणे हे काम वरकरणी सोपे वाटते. परंतु नोंदी हरवतात त्या नेमक्या येथेच.

हरवलेल्या नोंदीची किंमत करविवरणात मोजावी लागते. एकल मालकीच्या व्यवसायाचा नफा-तोटा ज्या ‘शेड्यूल सी’वर दाखवला जातो, त्याच्या ३५व्या ओळीत वर्षारंभीचा साठा लिहायचा असतो आणि तो गतवर्षअखेरच्या साठ्यापेक्षा वेगळा असल्यास स्पष्टीकरण जोडण्याची सूचना तेथेच छापलेली आहे. विकलेल्या मालाची किंमत म्हणजे आरंभीचा साठा, अधिक खरेदी, वजा अखेरचा साठा. आरंभीच्या साठ्यातून २५२ डॉलरचा माल निसटला, तर विकलेल्या मालाची किंमत तितकीच कमी दिसते, नफा तितकाच फुगतो आणि न झालेल्या नफ्यावर कर भरावा लागतो. एखादी शिल्लक दोनदा उतरली, तर नफा अकारण घटतो आणि खुलासा करण्याची वेळ येते. २०१८पासून लहान व्यवसायांना साठ्याच्या हिशेबात काही सवलत मिळाली आहे. ती घेतली असल्यास कोणती पद्धत लागू होते, हे करसल्लागाराकडून आधी समजून घ्यावे.

कामाचा आरंभ संगणकावर न करता वहीवरच करावा. प्रथम एक तारीख निश्चित करावी. कॅलेंडर वर्षाने चालणाऱ्या दुकानाला ३१ डिसेंबरची रात्र सोयीची. त्या रात्रीची शेवटची आवक-जावक लिहून झाली की प्रत्येक पानावर शिल्लकेखाली रेघ ओढावी. रेघेच्या वरचे सारे जुन्या वहीचे आणि १ जानेवारीपासूनचे सारे नव्या तक्त्याचे. ट्रकमधून उतरलेला परंतु वहीत न चढलेला माल रेघ ओढण्यापूर्वीच चढवावा. अन्यथा तो दोन्हींच्या मध्ये पडतो.

त्यानंतर पाने मोजावीत. वहीत लिहिलेली २३० पाने आहेत, असे उदाहरण घेऊ. त्यांपैकी १६ पाने भरून गेल्याने त्यांची शिल्लक ‘पुढील पानावर’ नेलेली आहे. या १६ पानांच्या तळाशी आकडा आहे आणि तोच पुढच्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’ असा पुन्हा आला आहे. उतरवणाऱ्याने दोन्ही पानांवरून शिल्लक घेतली, तर माल कागदावर दुप्पट होतो. म्हणून अशा पानांवर आधीच फुली मारावी. उरली २१४ पाने, म्हणजेच २१४ जिनसा. शून्य शिल्लक असलेली पानेही यांतच धरावीत. तीही नोंदच आहे आणि ती वगळली की पानांची मोजणी जुळेनाशी होते.

आता या २१४ शिल्लकांची बेरीज वहीवरून, तक्त्याला हात लावण्यापूर्वी, साध्या गणकयंत्रावर करावी. डाळीची पाकिटे आणि तेलाचे डबे एकत्र मिळवण्याला व्यवहारात काही अर्थ नाही. ही बेरीज केवळ पडताळ्यासाठी असते. आपल्या उदाहरणात ती ६,४८२ आली, असे धरू.

तक्त्यात प्रत्येक जिनसेला एक ओळ द्यावी आणि पहिल्या रकान्यात वहीचा पान क्रमांक लिहावा. वहीचाच क्रम पाळावा. वर्णानुक्रम लावण्याचा मोह पडताळा पूर्ण होईपर्यंत टाळावा. शिल्लकेच्या रकान्यात निव्वळ आकडा असावा आणि ‘पाकिटे’, ‘पोती’ हे एकक शेजारच्या रकान्यात जावे. मथळ्याची ओळ सोडून २१४ ओळी भरल्या आणि शिल्लक ई रकान्यात असली, तर पुढील तीन सूत्रे पुरतात.

```
=COUNTA(A2:A215)
=COUNT(E2:E215)
=SUM(E2:E215)
```

पहिले सूत्र भरलेल्या ओळी मोजते, दुसरे केवळ खरे आकडे मोजते आणि तिसरे बेरीज देते. पहिल्याचे उत्तर २१४ आले, दुसऱ्याचे २१३ आणि बेरीज ६,४२१ आली, असे समजू. बेरजेत ६१ची तूट आहे. ओळी पूर्ण आहेत, परंतु एका घरात आकडा नाही. शोधल्यावर तेथे ‘२५ पोती’ असा मजकूर सापडतो. एक्सेल त्याला शब्द समजते आणि कोणतीही सूचना न देता बेरजेतून वगळते. शब्द काढून २५ ठेवताच बेरीज ६,४४६ होते. तरीही ३६ कमी पडतात.

येथे मुनीमजींच्या पिढीचा एक जुना आडाखा उपयोगी पडतो. फरकाला ९ने नि:शेष भाग जात असेल, तर दोन अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा. ३६ भागिले ९ म्हणजे ४; तेव्हा ज्या आकड्यात एककाचा अंक दशकाच्या अंकापेक्षा ४ने मोठा आहे, असेच आकडे तक्त्यात पाहावेत : १५, २६, ३७, ४८, ५९. अशा मोजक्या ओळी वहीशी ताडून पाहिल्यावर उडीद डाळीच्या पानावर ८४ असताना तक्त्यात ४८ पडल्याचे दिसते. पाकिटाचा खरेदीभाव ७ डॉलर धरला, तर वर सांगितलेले २५२ डॉलर ते हेच.

वही देवनागरी अंकांत असेल, तर आणखी एक धोका संभवतो. हस्ताक्षरातील देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा आणि ४ हा इंग्रजी आठसारखा भासतो. अमेरिकेत वाढलेल्या मुलाकडे हे काम असेल, तर वही वाचणारी व्यक्ती वेगळी आणि टंकणारी वेगळी असावी.

बेरीज जुळली म्हणजे काम निर्दोष झाले, असेही नाही. तूरडाळीचा आकडा मूगडाळीसमोर आणि मूगडाळीचा तूरडाळीसमोर गेला, तरी बेरीज बदलत नाही. म्हणून एकाने वहीतून पान, जिन्नस आणि शिल्लक मोठ्याने वाचावी व दुसऱ्याने पडद्यावर खूण करावी. शिवाय प्रत्येक शिल्लक खरेदीभावाने गुणून एकूण मूल्य काढावे आणि ते गतवर्षीच्या करविवरणातील अखेरच्या साठ्याशी ताडावे. भाव भिन्न असल्यास ही अदलाबदल येथे उघड होते.

राहिला प्रश्न फडताळाचा. वहीत ८४ पाकिटे आणि प्रत्यक्षात ८१ मिळाली, तर आरंभीच्या शिल्लकेत ८१ लिहून मोकळे होऊ नये. आरंभीची शिल्लक ८४च राहते आणि ३ची घट मोजणीची तारीख व कारण यांसह वेगळ्या ओळीत जाते. तसे केले नाही, तर ती ३ पाकिटे उतरवताना हरवली की दुकानातून गेली, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

जुनी वही मात्र टाकून देऊ नये. करविवरण दाखल केल्यापासून सर्वसाधारणपणे तीन वर्षे आयआरएसला त्याची तपासणी करता येते आणि तक्त्याच्या पहिल्या आकड्याचा पुरावा त्या रेघ ओढलेल्या पानावरच असतो.