कथेसोबतचं पत्र

मे-जून उजाडला की दिवाळी अंकांच्या संपादकांकडे कथा येऊ लागतात. पूर्वी पाकिटातून यायच्या, आता बहुतेक ईमेलनं येतात. प्रत्येक कथेबरोबर एक पत्र असतं, आणि संपादक कथेआधी ते वाचतो. या पत्राचं काम तसं छोटं असतं. काय पाठवलंय, किती मोठं आहे, ते छापायला मोकळं आहे का आणि लिहिणाऱ्याशी संपर्क कसा करायचा, एवढं कळलं की झालं.

मिरजेकडच्या एका शिक्षिकेनं ‘उतारा’ ही आपली कथा पाठवण्याआधी तिचं पत्र मला दाखवलं. ते असं होतं:

“आदरणीय संपादक महोदय, मी लहानपणापासून आपल्या अंकाची निस्सीम वाचक आहे. लेखनाची आवड शाळेपासून होती, पण संसार आणि नोकरीत ती मागे पडली. ही माझी पहिलीच कथा आहे, चुका असल्यास सांभाळून घ्याव्यात. नवऱ्याच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर आपलं नाव चढलेलंच नाही, हे कळलेल्या बाईची ही व्यथा आहे. माझ्या मैत्रिणींना वाचताना रडू आवरलं नाही. आपणही छापाल अशी आशा. न आवडल्यास कारण कळवावं.”

पत्र मनापासून लिहिलेलं होतं, म्हणून त्यावर काट मारताना मला वाईट वाटत होतं. पण कथेत ती बाई तलाठ्यासमोर बसलेली असते आणि कागदावर तिचं नाव नाही हे वाचणाऱ्याला चौथ्या पानावर कळतं. सगळी कथा त्या क्षणाकडे चाललेली आहे. पत्रानं तोच आधी सांगून टाकला होता. संपादक आता चौथ्या पानाला वाचक म्हणून पोचणारच नाही. ते वाक्य सगळ्यात आधी गेलं.

मग चुका सांभाळून घेण्याची विनंती. ती वाचली की नजर आपोआप चुका शोधू लागते. कारण कळवण्याची विनंतीही काढली. ‘सत्यकथे’चे राम पटवर्धन लेखकांना कथेबद्दल सविस्तर पत्रं लिहीत. पण असा संवाद कथा वाचून संपादकाला वाटलं तर सुरू होतो, तो आधी मागून घेता येत नाही.

मैत्रिणींच्या रडण्यापाशी मी थांबलो. “त्यांनी कुठे वाचली?” असं विचारलं. तेव्हा कळलं की कथेची पहिली दोन पानं मार्चमध्ये फेसबुकवर टाकली होती. पत्रात यायला हवी होती ती गोष्ट नेमकी ही, आणि कौतुकाच्या वाक्याखाली ती झाकली गेली होती. समाजमाध्यमावर आलेला मजकूर काही संपादक प्रकाशित समजतात, काही समजत नाहीत. ते त्यांनी ठरवावं, आपण लपवू नये. एकच कथा दोन अंकांना देण्याचंही तसंच. दोघांनीही छापली तर ते दिवाळीत कळतं, तोवर अंक बाजारात आलेले असतात.

शेवटी उरलं ते असं:

“मा. संपादक, स.न.वि.वि.
आपल्या दिवाळी अंकासाठी ‘उतारा’ ही कथा (सुमारे २८०० शब्द) सोबत जोडली आहे. कथा स्वतंत्र आहे. तिची पहिली दोन पानं मार्चमध्ये मी फेसबुकवर टाकली होती. उरलेली कथा अप्रकाशित आहे. सध्या ती अन्यत्र पाठवलेली नाही. मी मिरज तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे.
आपली,”

खाली नाव, पत्ता, फोन. ‘पहिलीच कथा’ हे शब्द ठेवायचे की नाही यावर आम्ही बराच वेळ बोललो. ते खोटं नव्हतं, पण त्यातून सवलत मागितल्यासारखं वाटत होतं, म्हणून काढले. नोकरीचं वाक्य ठेवलं, कारण लिहिणारी कोण एवढं त्यातून कळतं. ईमेलच्या विषयाच्या जागी ‘दिवाळी अंकासाठी कथा: उतारा’ असं लिहिलं. नुसतं ‘कथा’ लिहिलेल्या पन्नास ईमेलांत आपली नंतर शोधायची कशी?

पाठवण्याआधी तिला म्हटलं, फाइल एकदा माझ्या फोनवर धाड. उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. कथा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. तो फॉन्ट तिच्या संगणकावर होता, माझ्या फोनवर नव्हता. तिनं मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला. त्या बदलात काही जोडाक्षरं तुटली होती, म्हणून अठ्ठावीसशे शब्द पुन्हा ओळीनं वाचले, आणि तिसऱ्या दिवशी कथा गेली.