राजीनामा फार्सीत नेताना

मराठीतला मजकूर फार्सीत नेणाऱ्याला अनोळखी शब्द अडवतो आणि शब्दकोश उघडायला लावतो. ओळखीचा शब्द मात्र सहज फसवतो. ‘राजीनामा’ घ्या. घटक दोन: अरबी ‘राज़ी’, म्हणजे संमत, आणि फार्सी ‘नामा’, म्हणजे पत्र. मुळात हे संमतिपत्र. मुंबई इलाख्यात जमिनीवरचा हक्क सोडणारा शेतकरी राजीनामा लिहून द्यायचा आणि नवा धारक कबुलायत. सोडण्याची ही छटा जमिनीवरून नोकरीवर गेली असावी, असं मला वाटतं. ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला’ हे वाक्य फार्सीत घटकांनिशी नेलं, तर तेहरानच्या वाचकाला मंत्र्यांनी कशाला तरी लेखी संमती दिली असं वाटेल. तिथे शब्द हवा ‘इस्तेफा’.

‘गरज’ अधिक धोक्याचा. अरबी ‘ग़रज़’ म्हणजे नेम, मग हेतू. मराठीत हेतूची निकड झाली. आजच्या फार्सीत मात्र त्याला अंतःस्थ, बहुधा वाईट हेतूचा वास आहे. निःपक्षपाती माणसाला तिथे ‘बी-ग़रज़’ म्हणतात. ‘आम्हाला तुमची गरज आहे’ या आर्जवात हा शब्द तसाच ठेवला, तर डावाचा संशय येईल. ‘नियाज़’ किंवा ‘एहतियाज’ लिहावं.

माधव जूलियनांचा १९२५ चा ‘फार्शी-मराठी कोश’ मूळ शब्द दाखवतो. पण आजचा अर्थ इराणमधल्या चालू कोशात, वाक्यासह, पाहावा लागतो.