जुन्या स्कूटरचा गंजलेला बोल्ट : जोर लावण्याआधी तेल, ऊब आणि हलके ठोके

सायलेन्सरचे दोन बोल्ट, त्यातला एक तुटला तरी चालतो. दुसरा तुटला तर इंजिनची केस गोत्यात

अनेक गावांत गोठ्याच्या कडेला किंवा पडवीत वडिलांच्या काळातली गिअरची स्कूटर ताडपत्रीखाली उभी असते. दूध घालायला, बियाणं आणायला अजून कामाची आहे म्हणून ती दुरुस्त करायला काढली की पहिली अडचण इंजिनची नसते. अडचण असते गंजून बसलेल्या बोल्टची. तालुक्यातल्या एका दूध उत्पादक शेतकऱ्याला नुकताच हाच अनुभव आला.

सात-आठ वर्षं उभ्या असलेल्या जुन्या चेतकचा सायलेन्सर आतून काजळीने बुजला होता. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलसोबत ऑईल जाळतं, त्यामुळे हे ठरलेलं दुखणं. सायलेन्सर काढून साफ करायचा तर दोन ठिकाणी बोल्ट सोडावे लागतात. एक सिलिंडरपाशी क्लॅम्पला, दुसरा मागे चाकाजवळ इंजिनच्या केसला. शेतकऱ्याने क्लॅम्पच्या बोल्टला पाना लावला, पान्यात दोन फुटी पाईप घातला आणि जोर दिला. बोल्ट कट्ट करून तुटला. दुसऱ्या बोल्टलाही तोच पाईप लावणार, तेवढ्यात शेजारच्या गावच्या गॅरेजवाल्या मेस्त्रींना त्याने फोन केला. मेस्त्री म्हणाले, "दादा, पहिला तुटला त्याचं काही नाही. पण दुसऱ्याला पाईप लावू नका, मी येतो."

दोन बोल्टमध्ये फरक काय?

क्लॅम्पचा बोल्ट लोखंडी पट्टीतून आरपार जातो आणि पलीकडे त्याला नट असतो. तो तुटला किंवा हॅक्सॉने कापावा लागला, तरी नवा नट-बोल्ट घालून काम भागतं. मागचा बोल्ट मात्र थेट इंजिनच्या केसमध्ये पाडलेल्या आट्यांत बसतो. बोल्ट लोखंडाचा, केस अॅल्युमिनियमची. तो डोक्यापासून तुटला की उरलेला तुकडा आतच राहतो. मग ड्रिलने पोखरून काढायचा, आणि ड्रिल जरा तिरकं गेलं की मऊ अॅल्युमिनियमचे आटे जातात. पुढे मोठं भोक पाडून नवे आटे किंवा वेल्डिंग, आणि त्यासाठी इंजिन उतरवून टर्नरकडे न्यायचं. म्हणून बोल्टला हात लावण्याआधी तो कशात बसलाय ते पाहायचं. आरपार असेल तर थोडी घाई चालते. केसमध्ये बसला असेल तर दोन-तीन दिवस हाताशी ठेवूनच काम काढायचं.

आधी तेल, तेही पातळ

लोखंड गंजलं की फुगतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून आट्यांच्या फटीत तो पाचरीसारखा घट्ट बसतो. ओल असेल तर अॅल्युमिनियमवरही पांढरी पूड धरते आणि तीही फट बुजवते. अशा बारीक फटीत ग्रीस किंवा इंजिनचं जाड ऑईल शिरत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा गंज सोडवण्याचा स्प्रे त्यासाठीच पातळ असतो. तो नसेल तर डिझेलमध्ये थोडं ऑईल मिसळूनही काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो.

मेस्त्रींनी पहिल्या संध्याकाळी मागचं चाक काढलं, म्हणजे बोल्टपाशी हात नीट पोचला. तारेच्या ब्रशने बोल्टच्या डोक्याभोवतीचा चिखल आणि गंज खरडून काढला. चिखलावर मारलेलं तेल चिखलच पितो, ते आट्यांपर्यंत जात नाही. बोल्ट आडवा असल्याने तेल ओघळून जातं. म्हणून सुती चिंधी तेलात भिजवून वायसरपाशी गुंडाळली आणि सुतळीने बांधली. रोज सकाळ-संध्याकाळ त्या चिंधीवर थोडं तेल, असे दोन दिवस.

ठोके कशासाठी?

प्रत्येक वेळी तेल घातल्यावर बोल्टच्या डोक्यावर सरळ समोरून पंधरा-वीस हलके ठोके मारायचे. हातोडी पाव किलोच्या आसपासची पुरे. मधे पितळेचा तुकडा धरला तर डोकं चेपत नाही. हे ठोके बोल्ट हलवण्यासाठी नसतात. त्याच्या थरथरीने गंजाला बारीक तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आत उतरतं. आवाजावर लक्ष ठेवावं. पूर्ण जाम असलेला बोल्ट आणि केस एकजीव झाल्यासारखे भरीव वाजतात. आतली पकड सुटू लागली की आवाज बदलतो. ठोका बोल्टवरच पडला पाहिजे. अॅल्युमिनियमच्या केसवर हातोडी बसली तर केसला चीर जाऊ शकते. आडवे, बाजूने ठोकेही मारायचे नाहीत, त्याने बोल्ट वाकतो.

तिसऱ्या दिवशी पाना लावला. इथे फिक्स पाना किंवा स्क्रू पाना वापरू नये. ते दोनच बाजूंनी धरतात आणि गंजलेल्या डोक्याचे कोपरे खातात. सहा कोनी गोटी पाना किंवा घट्ट बसणारा रिंग पाना हवा. बोल्ट आधी किंचित आवळायच्या दिशेने दाबून पाहायचा, मग सोडायच्या दिशेने. दोन्हीकडे तो हलला नाही. मेस्त्रींनी जोर वाढवला नाही, ऊब द्यायचं ठरवलं.

ऊब बोल्टला नाही, केसला

बहुतेक लोक इथेच चुकतात. बोल्ट लाल होईपर्यंत तापवला तर तो फुगून उलट जास्त घट्ट होतो. तापवायचं ते बोल्टच्या भोवतीचं अॅल्युमिनियम. सारख्याच उष्णतेत अॅल्युमिनियम लोखंडाच्या साधारण दुप्पट पसरतं. म्हणजे केसचं भोक बोल्टपेक्षा जास्त मोठं होतं आणि पकड ढिली पडते. अर्थात दहा मिलिमीटरच्या बोल्टला शंभर अंशांच्या उबेने मिळणारी ही ढिलाई मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढीच असते. म्हणून नुसती ऊब पुरत नाही, आधी तेल आणि ठोके लागतात.

गॅस वेल्डिंगची ज्योत इथे लावू नये. लोखंड वितळण्याआधी लाल होऊन इशारा देतं, अॅल्युमिनियम देत नाही. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, केसचा मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो, आणि रंग मात्र तसाच दिसतो. हॉट एअर गन सगळ्यात बरी. ती नसेल तर छोटा गॅस टॉर्च सतत फिरता ठेवायचा, एका जागी धरायचा नाही. केसवर पाण्याचा थेंब टाकला आणि तो चुर्र करून उडाला की थांबायचं. त्याच्या पुढे तापवलं तर जवळच्या चाकाच्या धुरीचं ऑईल सील जळायची भीती असते. मग गिअर ऑईल ब्रेकमध्ये उतरतं आणि नवं काम निघतं.

आगीचा धोका विसरू नका

या स्कूटरची पेट्रोलची टाकी सीटखाली, इंजिनच्या बरोबर वर असते. नुसता कॉक बंद करून भागत नाही. मेस्त्रींनी टाकी आणि पेट्रोलची नळी काढून लांब नेऊन ठेवली. कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोलही काढलं. स्कूटर गोठ्यातून ढकलत उघड्या अंगणात आणली, कारण गोठ्यात कडबा रचलेला होता. तेलाची चिंधी सोडून दूर टाकली, बोल्टभोवतीचं तेल कोरड्या कापडाने पुसलं, आणि स्प्रेचा डबाही लांब ठेवला. हे स्प्रे पेट घेतात. शेजारी वाळूची बादली आणि ओलं पोतं होतं. यातली एकही गोष्ट जमत नसेल तर तापवायच्या भानगडीत पडू नये.

बोल्ट सुटला कसा?

केस तापल्यावर टॉर्च बंद करून मेस्त्रींनी मेणबत्तीचं टोक बोल्टच्या कडेला टेकवलं. मेण वितळून उबेने उघडलेल्या फटीत ओढलं गेलं. पुन्हा दहा-बारा ठोके, मग पाना. पहिल्यांदा काहीच नाही. केस कोमट होईपर्यंत थांबून पुन्हा तेल घातलं, रात्रभर तसंच ठेवलं, आणि सकाळी तेल पुसून सगळं पहिल्यापासून केलं. दुसऱ्या खेपेला बोल्ट "कर्र" करून जरासा हलला.

इथे आनंदाने सरळ फिरवत सुटायचं नाही. सुटलेला गंज आट्यांत गोळा होतो आणि बोल्ट अर्ध्यावर पुन्हा जाम होतो. पाव फेरा सोडायचा, तेवढाच परत आवळायचा, तेलाचा थेंब द्यायचा, मग थोडं पुढे. अर्ध्या तासात बोल्ट हातात आला.

बोल्ट सुटतोय की तुटायला आलाय हे हाताला कळतं. सुटणारा बोल्ट झटक्याने किंवा करकरत हलतो आणि हलला तिथेच राहतो. पाना फिरतोय, पण सोडल्यावर मागे येतोय, रबरासारखं लागतंय, तर बोल्ट आत जाम आहे आणि मधे पिळला जातोय. जोर कमी लागू लागला पण आवाज नाही, डोकं नुसतंच मऊ फिरतंय, तर तो ताणला गेलाय. दोन्ही वेळा लगेच हात थांबवायचा आणि पुन्हा तेल-ऊब करायची. असं तीन-चार वेळा करूनही फरक नसेल, तर डोकं शाबूत असतानाच टर्नरकडे जावं. डोकं असलेला बोल्ट काढणं त्याला सोपं जातं, तुटलेला काढणं महाग पडतं.

परत बसवताना

जुना बोल्ट पुन्हा घालू नये, त्याच मापाचा नवा घ्यावा. केसमधले आटे ब्रशने आणि डिझेलने साफ करून नवा बोल्ट आधी हाताने फिरवून पाहावा. तो हाताने शेवटपर्यंत गेला तरच पाना लावावा. आट्यांना तांब्याचं ग्रीस चोळावं. ते उष्णतेत टिकतं आणि लोखंड व अॅल्युमिनियममध्ये ओल शिरू देत नाही. इथे आवळतानाही पाईप नको, कारण अॅल्युमिनियमचे आटे जास्त जोराने निघून येतात.

शेतकऱ्याची स्कूटर चौथ्या दिवशी सुरू झाली. क्लॅम्पला नवा नट-बोल्ट लागला, केसला काही झालं नाही. सायलेन्सर परत चढवताना मेस्त्रींनी त्याला एवढंच सांगितलं, "पुढच्या पावसाळ्याआधी हा बोल्ट एकदा सोडून पुन्हा ग्रीस लावा. दरवर्षी फिरणारा बोल्ट जाम होत नाही."