सांबऱ्याच्या गच्चीवरचे तीन हंगाम

पहिल्या हंगामात आठ पिशव्यांतून मिळून पाऊण किलो बटाटे निघाले. बेणंच किलोभर लावलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यापेक्षा ते किलोभर भाजीला तरी घातले असतेस!"

ते २०२२ साल होतं. बेळगाव तालुक्यात बटाटा पावसाळ्यात लावतात, हे लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून मीही सांबऱ्याच्या गच्चीवर जूनमध्येच लावला. पण शेतात तो सरीच्या वरंब्यावर असतो आणि पाणी उताराने निघून जातं, याचा विचारच केला नाही. माझ्या पिशव्यांत परसातली नुसती माती ठासून भरलेली. दोन पावसांत तिचा चिखल झाला. त्यातून टोपलीतले बटाटे सकाळी चिरून दुपारी लावलेले. दहा-बारा दिवसांनी उकरून पाहिलं, तर निम्म्या फोडी कुजून वास मारत होत्या. उगवले त्यांनाही जुलैत करपा लागला. पानांवर पाणी साचल्यासारखे डाग पडायचे आणि बघता बघता ते काळे व्हायचे.

पुढच्या वर्षी पावसाळा सोडून दिला. बटाट्याला जमिनीखाली पोसायला रात्रीचा गारवा लागतो. रात्री उकाडा असला की पाला माजतो, पण बटाटे धरत नाहीत. आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारी हा गारवा सहज मिळतो. बेणं या वेळी मार्केट यार्डातून आणलं, कुफरी ज्योती. (कुफरी हे सिमल्याजवळचं गाव. सिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेच्या वाणांना हेच नाव लागतं.)

कोंब आणण्याचं तंत्रही तेव्हाच समजलं. नुकताच काढलेला बटाटा दीड-दोन महिने झोपलेलाच असतो. त्याला कितीही गोंजारलं तरी डोळे फुटत नाहीत. शीतगृहातलं बेणं मात्र बाहेर काढल्यावर जागं होतं. मी ते जिन्याखाली, ऊन नाही पण उजेड आहे अशा जागी, ट्रेमध्ये डोळे वर करून मांडलं. पंधरा दिवसांत जाड, आखूड, जांभळट हिरवे कोंब आले. थोडं बेणं चुकून कपाटात राहिलं होतं, त्याला वीतभर पांढऱ्या दोऱ्या फुटल्या आणि लावताना मोडून गेल्या. मोठे बटाटे उभे चिरले, कारण बहुतेक डोळे एका टोकाला असतात आणि उभ्या चिरेने ते दोन्ही फोडींना मिळतात. प्रत्येक फोडीला निदान दोन डोळे ठेवले, राख लावली आणि कापलेली बाजू सुकेपर्यंत दोन दिवस सावलीत ठेवली. कुजण्याचा प्रश्न तिथेच मिटला.

त्या हंगामातली चूक निराळी होती. खोड वाढेल तशी माती चढवत पिशवी काठोकाठ भरली, की मजल्यामागून मजले बटाट्यांचे लागतात, असं मी ऐकलं होतं. अठरा इंची पिशवी खरोखर काठोकाठ भरली. फेब्रुवारीत उलटी केली, तर सगळे बटाटे तळाच्या वीतभर थरात! वर नुसतं खोड आणि बारीक मुळं. ज्योतीसारख्या वाणाला बटाटे धरणारे फाटे बेण्याच्या लगतच्या पेरांवरच फुटतात. भर द्यायची ती वाढत्या बटाट्यांवर उजेड पडू नये म्हणून. उजेड लागला की बटाटा हिरवा आणि कडू होतो, आणि तो खाऊ नये.

तिसऱ्या खेपेला, नोव्हेंबर २०२४ मध्ये, पिशवी निम्मीच भरली. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट. पिशवीत तीन फोडी, चार बोटं खोल. रोप वीतभर झाल्यावर, साधारण पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी, शेंड्याची पानं उघडी ठेवून चार बोटं भर दिली आणि पंधरवड्याने पुन्हा तेवढीच. मग हात आवरला.

काढणीची घाई मला आधीच्या वर्षी नडली होती. पंचाहत्तराव्या दिवशी काढलेल्या बटाट्यांची साल धुतानाच सुटली आणि आठवड्यात ते सुरकुतले. या वेळी खालची पानं पिवळी पडून पाला आडवा होईपर्यंत थांबले. नव्वदीच्या आसपास पाणी तोडलं, आठवड्याने पाला मातीलगत कापला आणि आणखी दहा दिवस पिशव्यांना हात लावला नाही. एक बटाटा उकरून अंगठ्याने साल घासून पाहिली. ती हलली नाही, तेव्हा पिशव्या उलट्या केल्या. आठांत मिळून नऊ किलो भरले. एका पिशवीतले दोन हिरवे निघाले, तिथे दुसरी भर द्यायची राहिली होती.

यातलेच छोटे पुढच्या बेण्याला ठेवावेत असं वाटलं होतं. पण मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात ते घरात टिकले नाहीत, नोव्हेंबरआधीच सुकून गेले. म्हणून बेणं दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्याला मार्केट यार्डातूनच आणते.