भाकरीचा व्हिडिओ, पण कुठल्या शब्दावर?

स्वयंपाकाचे व्हिडिओ नव्याने करणारे बहुतेक जण उलटे जातात. आधी शूटिंग उरकतात, मग ‘आजीच्या हातची टम्म फुगलेली, मऊ लुसलुशीत भाकरी’ असा मथळा सुचतो आणि कीवर्ड काय टाकायचा हे आठवतं थेट अपलोड करताना. मथळा वाचायला गोड आहे, पण यूट्यूबच्या शोधपट्टीत ‘आजीच्या हातची’ असं टाइप करतंय कोण? ज्याला भाकरी येत नाही, तो आपली अडचण टाइप करतो. त्याचे ते शब्द म्हणजे आपला मुख्य कीवर्ड. तो एकच असावा आणि मथळ्याची पहिली ओळ लिहिण्याआधी ठरलेला असावा.

ज्वारीच्या भाकरीचंच उदाहरण घेऊ. ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो उघडायची, नाहीतर आपण पूर्वी जे शोधलं त्याचीच छाया सूचनांवर पडते. नुसतं ‘भाकरी’ लिहून थांबलं की खाली सूचना उघडतात. त्या लोकांच्या खऱ्या शोधांवरून येतात. एकट्या ‘भाकरी’वर मात्र नवख्याने जीव टाकू नये. त्या शब्दामागे तांदळाची हवी की बाजरीची, पिठलं-भाकरीचा बेत हवा की आणखी काही, हे कळत नाही. शिवाय तिथे मधुराज रेसिपीसारखी जुनी, मोठी चॅनल आधीच बसलेली असतात.

म्हणून शब्द थोडा लांबवायचा. ‘ज्वारीची भाकरी कशी करायची’ हा शिकणाऱ्याचाच प्रश्न आहे, पण त्याला उत्तर देणारेही पुष्कळ. ‘भाकरी का चिरते’ हा प्रश्न पडतो तो भाकरी करून फसलेल्याला. त्याला चूक दुरुस्त करणारा व्हिडिओ लागतो, पहिला धडा नव्हे. ‘ज्वारीची भाकरी लाटून’ शोधणाऱ्याला थापता येत नाही, पण भाकरी तर करायची आहे. आपला प्रेक्षक तो हाच.

यातला कोणता घ्यायचा, हे सूचनांवरून पुरतं ठरत नाही. प्रत्येक शब्द शोधून वरचे आठ-दहा व्हिडिओ खरंच उघडून पाहावेत. ‘लाटून’ असं शोधल्यावरही वर थापण्याचेच व्हिडिओ येत असतील, तर जागा रिकामी आहे. गूगल ट्रेंड्समध्ये ‘वेब सर्च’ऐवजी ‘यूट्यूब सर्च’ निवडून दोन शब्द शेजारी ठेवता येतात. तिथले ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या सांगत नाहीत, फक्त तुलना दाखवतात. लांब शब्दाला तिथे आलेखच दिसला नाही, तरी तो शोधलाच जात नाही असं समजू नये.

लिपीचा घोळ वेगळाच. मराठी माणूस फोनवर सर्रास `jwarichi bhakri` असं टाइप करतो. विदर्भ-मराठवाड्यात ‘भाकर’ म्हणतात. दोन्ही रूपं शोधून पाहावीत, ज्याला सूचना जास्त त्याला मथळ्यात मान द्यावा आणि दुसऱ्याला वर्णनात जागा. `jowar roti` मात्र टाळावं. ते शोधणारा बहुधा हिंदीत ऐकायच्या तयारीने येतो आणि आपलं पहिलं मराठी वाक्य ऐकून निघून जातो.

कीवर्ड ठरला की व्हिडिओही त्याच्या मागे जातो. आपण ‘ज्वारीची भाकरी लाटून’ घेतला, म्हणजे पहिल्या अर्ध्या मिनिटात पोळपाट-लाटणं दिसलंच पाहिजे. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून साध्या पाण्यात भिजवलेलं पीठ लाटताना कडेने फाटतं. वाटीभर पाणी उकळून त्यात वाटीभर पीठ घालायचं, झाकून दहा मिनिटं ठेवायचं आणि मग चांगलं मळायचं; उकडीने पीठ चिकट होतं आणि लाटणं सोसतं. हा भाग निवांत दाखवावा. थापण्याचं कौतुक पुढच्या व्हिडिओला ठेवावं.

आता कुठे मथळा. यूट्यूब १०० अक्षरं देतं, पण फोनवर लांब मथळ्याची शेपूट कापली जाते, म्हणून कीवर्ड सुरुवातीला: ‘ज्वारीची भाकरी लाटून, थापायची गरज नाही’. वर्णनाच्या पहिल्या वाक्यात तोच शब्द एकदा, सहज बोलण्यात येईल तसा. टॅगांवर वेळ घालवू नये. शोधात त्यांचा वाटा फार थोडा, हे यूट्यूब स्वतःच सांगतं.

काही आठवड्यांनी यूट्यूब स्टुडिओत ट्रॅफिक सोर्समधला ‘यूट्यूब सर्च’ उघडावा. लोक कोणते शब्द टाइप करून आले, ते तिथे दिसतं. ते ‘लाटून’ शोधत आले आणि तरी पहिल्या मिनिटातच आलेख कोसळला, तर शब्द बरोबर आहे, लाटणं उशिरा आलंय. बहुतेक जण ‘भाकरी का चिरते’ असं शोधत येत असतील, तर या व्हिडिओचा मथळा ओढूनताणून बदलू नये. त्या प्रश्नाचा वेगळा व्हिडिओ करावा, आणि त्यात पहिल्याच दृश्यात कडेने फाटलेली भाकरी दाखवावी.